मातीची खोली आणि कापसाचा उतारा: हाताने काढलेल्या सहसंबंधाच्या प्रकल्प नोंदी

२ डिसेंबर

विषय ठरला. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाच्या संख्याशास्त्राच्या प्रकल्पासाठी मॅडमनी एकच अट घातली आहे: आकडे स्वतः गोळा करायचे, आणि कोव्हेरिअन्स व सहसंबंध गुणांक आधी हाताने काढायचे, मग संगणकाला हात लावायचा. दोन्ही मापं हेच सांगतात की दोन गोष्टी एकमेकींबरोबर किती वाढतात-घटतात. पुस्तकात कोव्हेरिअन्सला सहप्रचरण म्हटलंय. घरात बोलताना मी कोव्हेरिअन्सच म्हणते, इथेही तेच लिहीन.

आमच्या दारव्हा तालुक्यात लहानपणापासून ऐकलेली गोष्ट म्हणजे भारी जमिनीत पऱ्हाटी साधते, बरडावर नाही. भारी म्हणजे खोल काळी, खाली बऱ्याच उशिरा मुरूम लागणारी. पावसावरच्या कापसाला हे खरं असायलाच हवं, कारण पाऊस उघडल्यावर झाड जगतं ते मातीत मुरलेल्या ओलीवर, आणि ओल किती मावेल हे माती किती खोल यावर ठरतं. हे खरं आहे का ते नाही विचारायचं मला. किती खरं आहे, आणि तो 'किती' कोणत्या एककात सांगायचा, हे बघायचंय.

आठ वावरं निवडली. चार आमची आणि मोठ्या बाबांची, चार शेजाऱ्यांची. सगळीकडे यंदा कापूसच होता.

७ डिसेंबर

सहा वावरांची खोली झाली. उभ्या पिकात खड्डा कोण करू देईल, म्हणून धुऱ्यालगत खणलं. सब्बल आणि पावडं घेऊन बाबा सोबत होते. वरची काळी माती संपून पिवळसर मुरूम लागला की थांबायचं आणि टेप लावायचा, असा नियम केला. मुरूम एका रेघेत लागत नाही, मातीत मिसळत मिसळत येतो, त्यामुळे दोन-तीन इंचांची चूक कुठेही आहे. म्हणून सगळ्या खोल्या जवळच्या पूर्ण फुटात लिहिल्या. इंचापर्यंत लिहिलं असतं तर वही सुंदर दिसली असती, पण ते इंच खरे नव्हते.

मोठे बाबा म्हणाले, "माप वरंब्याच्या डोक्यापासून घे, सरीतून घेशीन तं अर्धा फूट कमी येईन." मी म्हटलं, सगळीकडे सरीतूनच घेतलंय. हे त्यांच्याशी बोलता बोलता लक्षात आलं की सगळ्या मापांत सारखाच अर्धा फूट वाढला तर सरासरीही अर्ध्या फुटाने वाढेल, आणि सरासरीपासूनचं प्रत्येक वावराचं अंतर आहे तेवढंच राहील. कोव्हेरिअन्स त्या अंतरांवरच उभा असतो. तेव्हा शून्य कुठे धरला याने काही बिघडत नाही. बिघडलं असतं ते अर्धी वावरं सरीतून आणि अर्धी वरंब्यावरून मोजली असती तर.

९ डिसेंबर

पांदणीच्या आणि नाल्याच्या वावरात खणायची गरज पडली नाही. पांदणीच्या कडेला माती कापलेली आहेच, तिथे थेट टेप लावला: ५ फूट. नाल्याची दरड तर उघडीच आहे, ६ फूट काळी आणि मग मुरमाचा पट्टा. आठांत सगळ्यांत खोल हीच.

१० जानेवारी

आता उतारा. परवा शेवटचा वेचा झाला. वेचणाऱ्या बायांना मजुरी किलोवर असते, त्यामुळे प्रत्येक वेच्याला कोणी किती किलो वेचलं ते वहीत लिहिलेलं असतं. त्या बेरजा केल्या, वावराच्या एकरांनी भागलं आणि क्विंटलमध्ये आणलं. शेजाऱ्यांच्या दोन वह्या अर्धवट होत्या. तिथे गाडी भरली तेव्हाच्या काट्याच्या पावत्या पाहिल्या. इथेही पूर्ण क्विंटलला आणलं.

११ जानेवारी

आज रात्री तक्ता मांडला. खोलीला x म्हटलंय, एकक फूट. उताऱ्याला y, एकक क्विंटल प्रति एकर. खोल्यांची बेरीज २४, आठने भागून सरासरी ३ फूट. उताऱ्यांची बेरीज ४०, सरासरी एकरी ५ क्विंटल. दोन्ही सरासऱ्या पूर्णांकात आल्या ही नशिबाची गोष्ट. हाताने करताना याने फार सुटका होते.

| वावर | खोली | उतारा | खोलीचं अंतर | उताऱ्याचं अंतर | गुणाकार |
|---|---|---|---|---|---|
| टेकडीचं | १ | ३ | −२ | −२ | ४ |
| बरडाचं | १ | ४ | −२ | −१ | २ |
| रस्त्याचं | २ | ४ | −१ | −१ | १ |
| देवळामागचं | २ | ५ | −१ | ० | ० |
| चिंचेचं | ३ | ६ | ० | १ | ० |
| विहिरीचं | ४ | ७ | १ | २ | २ |
| पांदणीचं | ५ | ८ | २ | ३ | ६ |
| नाल्याचं | ६ | ३ | ३ | −२ | −६ |

चौथ्या आणि पाचव्या रकान्याची बेरीज शून्य यायलाच हवी. पहिल्यांदा उताऱ्याच्या अंतरांची बेरीज ४ आली, कारण नाल्याच्या −२ चं चिन्ह सोडलं होतं. ही तपासणी केली नसती तर शेवटचा गुणाकार +६ झाला असता आणि मला काही कळलंच नसतं, कारण 'खोल माती, जास्त उतारा' हेच ऐकायला मन तयार होतं.

गुणाकारांची बेरीज ९. वर्गांच्या बेरजा: खोलीच्या अंतरांची २४, उताऱ्याच्या अंतरांचीही २४. हा योगायोग लक्षात ठेवायला हवा होता, ते पुढे कळलं. सूत्रं खाली. r म्हणजे सहसंबंध गुणांक, n म्हणजे वावरांची संख्या, s_x आणि s_y म्हणजे प्रमाण विचलनं.

```
cov(x, y) = Σ(x − x̄)(y − ȳ) / (n − 1)
r = cov(x, y) / (s_x · s_y)
```

कोव्हेरिअन्स ९ भागिले ७, म्हणजे १.२९.

मग तासभर त्या १.२९ कडे बघत बसले. हे जास्त आहे की कमी? एक क्विंटल जास्त की कमी ते मला कळतं, एक फूट कळतो. पण हे १.२९ काय?

१२ जानेवारी

सकाळी चौकटीच्या वहीवर आलेख काढला, तेव्हा जरा उलगडलं. आडव्या अक्षावर खोली, उभ्यावर उतारा. ३ फुटांवर एक उभी रेघ आणि ५ क्विंटलवर एक आडवी रेघ मारली. कागदाचे चार भाग झाले. आता प्रत्येक वावराच्या ठिपक्यापासून त्या दोन रेघांपर्यंत एक आयत काढला. पांदणीच्या वावराचा आयत २ फूट रुंद आणि ३ क्विंटल प्रति एकर उंच. त्याचं 'क्षेत्रफळ' ६. म्हणजे गुणाकाराच्या रकान्यात जे आहे ते आयतांचं क्षेत्रफळ आहे. उजवीकडच्या वरच्या आणि डावीकडच्या खालच्या भागातलं अधिक, उरलेल्या दोन भागांतलं उणे. कोव्हेरिअन्स म्हणजे या आयतांची चिन्हासकट सरासरी. भागताना ८ ऐवजी ७ ने भागतो एवढंच, कारण सरासरीही याच आठ वावरांतून काढलेली आहे.

आयताची एक बाजू फूट, दुसरी क्विंटल प्रति एकर. तेव्हा कोव्हेरिअन्सचं एकक फूट गुणिले क्विंटल प्रति एकर. १.२९ फूट-क्विंटल प्रति एकर. हे एकक बाजारात कोणी वापरत नाही, काट्यावर नाही, टेपवरही नाही. म्हणूनच काल मला ते वाचता येत नव्हतं.

प्रचरण म्हणजे एकाच गोष्टीच्या अंतरांच्या वर्गांची अशीच सरासरी. त्यातही असंच होतं, फक्त तिथे फसायला जास्त वाव आहे. खोलीचं प्रचरण २४ भागिले ७, म्हणजे ३.४३, आणि एकक फुटाचा वर्ग. वहीत मी ते 'चौ. फूट' असं लिहिलं होतं. बाबांनी वाचलं आणि विचारलं, "खोली चौरस फुटात कशी काय गा? प्लॉट मोजला का?" बरोबर होतं त्यांचं. ते कोणत्याही जमिनीचं क्षेत्रफळ नाही, फुटातल्या अंतराला त्याच अंतराने गुणल्यामुळे आलेला वर्ग आहे. वर्गमूळ काढलं की परत फूट येतो: प्रमाण विचलन १.८५ फूट. हा आकडा बाबांना सांगता आला. सरासरीपासून वावरं साधारण पावणेदोन-दोन फुटांनी इकडेतिकडे आहेत, असं म्हटल्यावर त्यांनी मान हलवली.

आयतांकडे बघताना आणखी एक दिसलं. पांदणीचं +६ आणि नाल्याचं −६ एकमेकांना पूर्ण खाऊन टाकतात. उरलेल्या सहा वावरांचे ४, २, १, ०, ०, २ मिळून ९. म्हणजे आठ वावरांचा कोव्हेरिअन्स म्हणून मी जे लिहिलंय त्यात सर्वांत मोठ्या दोन आयतांचा वाटा शून्य आहे. नुसता १.२९ पाहून हे कधीच दिसलं नसतं. चिंचेच्या वावराचंही तसंच: उतारा सरासरीहून एक क्विंटल जास्त, पण खोली बरोबर सरासरीवर, म्हणून त्याचा आयत रुंदीच नसलेला, शून्याचा.

१३ जानेवारी

एककं बदलून बघितली. खोली सेंटिमीटरमध्ये केली: एक फूट म्हणजे ३०.४८ सेंटिमीटर. उतारा किलो प्रति हेक्टर: एकरी एक क्विंटल म्हणजे हेक्टरी सुमारे २४७.१ किलो. सगळा तक्ता पुन्हा मांडायची गरज नाही. खोलीचं प्रत्येक अंतर ३०.४८ पटीने वाढतं, उताऱ्याचं २४७.१ पटीने, म्हणून प्रत्येक आयत दोन्ही पटींनी मोठा होतो आणि कोव्हेरिअन्सही.

१.२९ चा झाला सुमारे ९,६८०. एकक सेंटिमीटर गुणिले किलो प्रति हेक्टर.

वावरं तीच, माती तीच, कापूसही तोच. एका मुलीने ९,६८० लिहिला आणि दुसरीने १.२९, तर नुसते आकडे पाहून पहिलीच्या गावात संबंध घट्ट आहे असं कोणीही म्हणेल. एकक सोडून कोव्हेरिअन्सचा आकडा लिहिणं म्हणजे भाव लिहून तो किलोचा की क्विंटलचा ते न लिहिण्यासारखं आहे.

मग r. दोन प्रमाण विचलनं, १.८५ फूट आणि १.८५ क्विंटल प्रति एकर. त्यांचा गुणाकार ३.४३ फूट-क्विंटल प्रति एकर. कोव्हेरिअन्सचंच एकक! १.२९ ला ३.४३ ने भागलं की फुटाने फूट गेला, क्विंटलने क्विंटल गेला, एकरही गेला. उरलं ०.३७५, आणि त्याला कोणतंच एकक नाही. सेंटिमीटर-किलोमध्ये केलं: प्रमाण विचलनं ५६.४ सेंटिमीटर आणि ४५७.५ किलो प्रति हेक्टर, त्यांचा गुणाकार सुमारे २५,८००. ९,६८० भागिले २५,८००. पुन्हा ०.३७५.

इथे मला ३.४३ चा अर्थ जास्त महत्त्वाचा वाटला. खोल्या आणि उतारे एवढेच पसरलेले असतील, तर कोव्हेरिअन्स जास्तीत जास्त ३.४३ होऊ शकतो, आणि तोही सगळी वावरं एका सरळ चढत्या रेघेवर बसली तरच. उतरत्या रेघेवर बसली तर −३.४३. आम्हाला मिळाला १.२९. तेव्हा r हा सवाल विचारतो की जेवढा होऊ शकला असता त्यातला किती झाला. परवा तासभर 'जास्त की कमी' म्हणून अडले होते, ते हा ३.४३ हाताशी नव्हता म्हणून. म्हणूनच r १ च्या वर किंवा −१ च्या खाली जात नाही, आणि गेला तर गणितात चूक आहे हे नक्की.

१४ जानेवारी

संक्रांत. काम नाही.

१७ जानेवारी

कॉलेजच्या लॅबमध्ये पडताळा घेतला. आणि जुळला नाही. एक्सेलमध्ये `COVAR` लिहिलं, उत्तर १.१२५. माझ्या वहीत १.२९.

अर्धा तास आकडे पुन्हा पुन्हा टाकले. मग १.१२५ ला आठने गुणून बघितलं: ९. बेरीज तीच, भागणारा वेगळा. `COVAR` आणि `COVARIANCE.P` पूर्ण n ने भागतात, `COVARIANCE.S` n−१ ने. `COVARIANCE.S` लिहिल्यावर १.२८५७ आलं. `CORREL` ने ०.३७५, वहीतल्यासारखंच, कारण r मध्ये वर आणि खाली भागणारा एकच असला की तो कटून जातो.

शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला तिच्या आकड्यांत r हातचा वेगळा आणि संगणकाचा वेगळा येत होता. तिने कोव्हेरिअन्स `COVAR` ने घेतला होता आणि प्रमाण विचलनं कॅल्क्युलेटरच्या σn−1 च्या बटणाने. वर n, खाली n−१. माझ्या आकड्यांवर तशी भेसळ केली तर १.१२५ भागिले ३.४३ म्हणजे ०.३२८ येतो. हा आकडा चुकीचा दिसत नाही, हेच वाईट. अशी भेसळ पकडायची एक रीत सापडली: खोलीचा खोलीशीच r काढायचा. तो १ यायलाच हवा. भेसळ असेल तर ३ भागिले ३.४३ म्हणजे ०.८७५ येतो, आठातले सात. तिने करून बघितलं. तिच्याकडे दहा जोड्या होत्या, तिला ०.९ आला.

१९ जानेवारी

मॅडमना मसुदा दाखवला. त्यात मी लिहिलं होतं: 'खोली एक फूट वाढली की उतारा ०.३७५ ने वाढतो.' मॅडमनी ०.३७५ भोवती गोल करून समोर एकच शब्द लिहिला: 'एकक?'

मी म्हटलं, r ला एकक नसतं. त्या म्हणाल्या, "मग फुटाला उतारा कसा सांगितलास?"

घरी येताना बसमध्ये हाच विचार. एक फुटामागे उतारा किती, हा ठिपक्यांमधून जाणाऱ्या सरळ रेघेच्या चढाचा प्रश्न आहे. चढ म्हणजे कोव्हेरिअन्स भागिले खोलीचं प्रचरण. एककांचं बघितलं तर फूट-क्विंटल प्रति एकर, भागिले फुटाचा वर्ग, म्हणजे क्विंटल प्रति एकर, दर फुटाला. हे एकक बाबांना कळेल. आकडा ९ भागिले २४, म्हणजे ०.३७५. r चाही आकडा ०.३७५! माझ्या तक्त्यात दोन्ही वर्गबेरजा २४ होत्या, दोन्ही प्रमाण विचलनं आकड्याने सारखी, म्हणून चढ आणि r एकाच आकड्यात दिसले आणि मी एकाच्या जागी दुसरा लिहिला. वाक्यातला आकडा बरोबर होता, पण तो कुठून घेतला ते चूक.

सेंटिमीटर-किलोमध्ये घातलं की दोघं वेगळे होतात. चढ होतो दर सेंटिमीटरला हेक्टरी सुमारे ३ किलो, आणि r तिथेच ०.३७५ वर राहतो. आता दोन्ही वेगवेगळ्या ओळींत लिहिलेत, चढासमोर एकक आणि r समोर 'एकक नाही' असं लिहून.

२१ जानेवारी

नाल्याच्या वावराचं काय करायचं? हा प्रश्न पहिल्या दिवसापासून टाळत होते.

त्या वावराचे धनी आमच्या घरी आले होते, त्यांना विचारलं. "माती सोन्यासारखी हाय बेटा, पण चिबडते. जोराचं पानी आलं का आठ-आठ दिवस निंघत नाई. यंदा झाडं उभ्याउभ्या सुकली, पात्या गळल्या." चिबड म्हणजे पाणी धरून बसणारी. मातीतल्या फटी पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही, पात्या-फुलं गळतात, उघाडीनंतर एकदम भरपूर पाऊस झाला तर झाडं अचानक मलूल पडतात. ओल धरून ठेवण्याचा खोल मातीचा जो गुण टेकडीच्या वावराला हवा होता, तोच इथे पाण्याला वाट नसल्यामुळे मारक ठरला.

हे एक वावर वगळून r किती, ते काढलं. पहिली घाई अशी केली की गुणाकाराच्या बेरजेतून −६ काढून टाकले आणि १५ लिहिले. ते चूक आहे. वावर गेलं की सरासऱ्याही हलतात. सात वावरांची खोलीची सरासरी १८ भागिले ७, उताऱ्याची ३७ भागिले ७. अपूर्णांक टाळायला दुसरी रीत वापरली, ज्यात सरासरी काढावीच लागत नाही:

```
r = (nΣxy − ΣxΣy) / √[(nΣx² − (Σx)²)(nΣy² − (Σy)²)]
```

xy ची बेरीज १११, x च्या वर्गांची ६०, y च्या वर्गांची २१५. वरचा भाग ७७७ वजा ६६६, म्हणजे १११. खाली ४२० वजा ३२४, म्हणजे ९६, आणि १५०५ वजा १३६९, म्हणजे १३६. ९६ गुणिले १३६ चं वर्गमूळ ११४.३. r आला ०.९७.

०.३७५ वरून ०.९७, एका वावरामुळे. कोव्हेरिअन्सही १.२९ वरून २.६४ फूट-क्विंटल प्रति एकर झाला. चढ १११ भागिले ९६, दर फुटाला एकरी १.१६ क्विंटल. तिन्ही आकडे बदलले. चढ आणि r मात्र इथे एकसारखे दिसत नाहीत, परवाची चूक या सात वावरांवर केली असती तर लगेच उघडी पडली असती.

मग वगळायचं का? मन म्हणतं, ०.९७ छान दिसतो. पण दिसायला छान हे कारण नाही होऊ शकत. चिबड हे कारण खरं आहे, पण ते मी उतारा बघितल्यानंतर शोधलं. नाल्याच्या वावराला आठ क्विंटल उतारा आला असता तर मी ते चिबड म्हणून बाहेर काढलं असतं का? नसतं काढलं.

दुसरं म्हणजे ०.३७५ वाचून 'खोली आणि उतारा यांचा संबंध कमजोर' असं लिहिणंही खोटं होईल. आलेखावर ठिपके ५ फुटांपर्यंत जवळपास सरळ चढतात आणि शेवटी एकदम खाली येतात. r फक्त सरळ रेघेचं विचारतो. चढून उतरणाऱ्या संबंधाला तो कमी गुण देतो, मग तो संबंध कितीही पक्का असो.

२३ जानेवारी

अहवालात दोन्ही आकडे दिले. आठ वावरांचा ०.३७५, सात वावरांचा ०.९७, वगळलेल्या वावराचं नाव आणि कारण, आणि सोबत आलेख. सात वावरांचा निष्कर्ष फक्त १ ते ५ फूट खोलीपुरता, असंही लिहिलं. मॅडम म्हणाल्या की आठ जोड्यांसाठी ५ टक्के पातळीवर पुस्तकातल्या तक्त्याप्रमाणे r निदान ०.७०७ लागतो, तेव्हा ०.३७५ वर एवढ्या वावरांतून काही ठामपणे म्हणता येत नाही. तेही लिहिलं.

आणखी एक ओळ मोठ्या बाबांमुळे आली. त्यांनी यादी बघून लगेच सांगितलं, "विहिरीच्या अन् पांदणीच्या वावराले आपण दोन पान्या देल्ल्या होत्या ना." सगळ्यांत जास्त उताऱ्याची दोन वावरं तीच. आमच्याकडे विहीर खोल जमिनीत खणलेली आहे, म्हणून खोली आणि ओलित एकत्रच येतात. दर फुटाला १.१६ क्विंटल यातलं मातीचं किती आणि विहिरीचं किती, हे या आकड्यांतून वेगळं होत नाही. ती दोन काढली तर सहाच वावरं राहतात, पाच १ ते ३ फुटांतली आणि नाल्याचं एक. त्यावर r काढला नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदन झाल्यावर बाबांबरोबर धुऱ्यावरचे खड्डे बुजवले. येताना मोठ्या बाबांनी नाल्याच्या पलीकडचं एक वावर दाखवलं. माती तशीच काळी, पण उताराची, पाणी राहत नाही, आणि विहीरही नाही. दरडीला टेप लावला: साडेपाच फूट. तिथे यंदा तूर होती. पुढच्या हंगामात कापूस लावणार आहेत, आणि वेचणीची वही ठेवायला त्यांनी हो म्हटलंय.